एकाच तापमानाच्या दोन वाट्या: चॉकलेट टेम्परिंगचे पहिले प्रात्यक्षिक

मिठाई तंत्रज्ञानाच्या प्रात्यक्षिकाला येणारे बहुतेक विद्यार्थी डार्क चॉकलेटच्या टेम्परिंगचे तीन आकडे पाठ करून येतात: 45 अंशांवर वितळवायचे, 27 पर्यंत उतरवायचे आणि 31.5 अंश सेल्सिअसवर साच्यात ओतायचे. टेम्परिंग म्हणजे चॉकलेट ठरावीक तापमानांतून नेऊन त्यातली चरबी हव्या त्या स्फटिकांत गोठवणे. आकडे बरोबर आहेत, पण त्यांतून एक गैरसमज हमखास रुजतो. थर्मामीटरवर 31.5 दिसले की चॉकलेट टेम्पर झाले, असे विद्यार्थी धरून चालतात. थर्मामीटर फक्त तापमान सांगतो आणि आत कोणते स्फटिक आहेत, किती आहेत, याबद्दल तो काहीही सांगत नाही. म्हणून माझ्या वर्गातले पहिले प्रात्यक्षिक मी नेहमी दोन वाट्यांचे ठेवते. दोन्हींत एकच चॉकलेट आणि एकच तापमान असते, तरी दोन्हींचा निकाल पूर्णपणे वेगळा लागतो. कोल्हापुरात हे प्रात्यक्षिक करताना हवामान ज्या अडचणी आणते, त्यांसह ते इथे क्रमाने मांडले आहे.

आधी स्फटिकांविषयी थोडे

कोको बटर म्हणजे कोकोच्या बियांतील चरबी. एकच चरबी सहा वेगवेगळ्या रचनांत गोठू शकते आणि प्रत्येक रचनेचा वितळणबिंदू वेगळा असतो. विल आणि लटन या संशोधकांनी 1966 मध्ये या सहा रूपांना जे क्रमांक दिले, तेच आजही पाठ्यपुस्तकांत वापरले जातात. त्यांच्या आकड्यांनुसार पहिले रूप सुमारे 17 अंशांवर वितळते, चौथे 27.3 वर, पाचवे 33.8 वर आणि सहावे 36.3 वर. दुसरे आणि तिसरे रूप या चढत्या क्रमात मध्ये येतात. कोको बटरचा देश आणि मोजण्याची पद्धत बदलली की हे आकडे थोडे इकडेतिकडे होतात, म्हणून दशांश पाठ करण्यापेक्षा क्रम लक्षात ठेवावा.

आपल्याला हवे असते ते पाचवे रूप. त्यातले रेणू दाटीवाटीने बसतात, त्यामुळे गोठताना चॉकलेट आकुंचन पावते आणि साच्यातून आपोआप सुटते. वडीला चकाकी येते, ती मोडताना कट्‌कन आवाज होतो आणि तोंडात टाकल्यावर शरीराच्या उष्णतेने ती स्वच्छ विरघळते.

तोंडी परीक्षेत एक प्रश्न वारंवार येतो: सहावे रूप सर्वांत स्थिर असताना आपण तेच का तयार करत नाही? एक कारण असे, की वितळलेल्या चॉकलेटमधून सहावे रूप नेहमीच्या परिस्थितीत थेट तयार होत नाही. घट्ट झालेले पाचवे रूप आठवडे किंवा महिने पडून राहिले की हळूहळू त्याचे सहाव्यात रूपांतर होते. दुसरे कारण असे, की 36 अंशांवर वितळणारी चरबी तोंडात मेणासारखी लागते. सहावे रूप हे जुन्या होत चाललेल्या चॉकलेटचे लक्षण आहे आणि ते टाळणे हाच आपला हेतू असतो.

पाचव्या रूपापर्यंत जाण्याचे दोन रस्ते

पहिल्या रस्त्यात वितळलेले चॉकलेट सतत ढवळत 27 अंशांच्या जवळ आणतात. तिथे पाचव्या रूपाबरोबर चौथ्याचेही कण जन्माला येतात. मग चॉकलेट हलकेच 31.5 पर्यंत तापवतात. चौथे रूप 27 च्या थोडे वर वितळून जाते, पाचवे 33.8 पर्यंत टिकते, म्हणजे 31.5 ला फक्त हवे तेच कण उरतात. पाठ केलेल्या तीन आकड्यांमागचा अर्थ एवढाच आहे. संगमरवरी दगडावर चॉकलेट पसरून उलथण्याने गोळा करणारे कारागीर हेच करत असतात.

दुसरा रस्ता बीजाचा आहे. आधीच नीट टेम्पर झालेल्या चॉकलेटचे बारीक तुकडे वितळलेल्या चॉकलेटमध्ये टाकायचे. त्या तुकड्यांत पाचवे रूप तयार असतेच, त्यामुळे 27 पर्यंत उतरण्याची गरज उरत नाही. विरजणाचा चमचा दुधाला दिशा देतो, तसे हे तुकडे बाकीच्या चरबीला दिशा देतात. नवशिक्यांना मी हाच रस्ता शिकवते, कारण त्यात चुकण्याच्या जागा कमी आहेत.

सामान

एक किलो डार्क चॉकलेट पुरते. ते विकत घेताना वेष्टनावरील घटकांची यादी नीट वाचावी. लक्ष्मीपुरीतल्या दुकानात ‘चॉकलेट स्लॅब’ मागितला की पुष्कळदा कंपाउंड हाती येतो. त्यात कोको बटरच्या जागी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते, त्याला टेम्परिंग लागत नाही आणि या प्रात्यक्षिकासाठी त्याचा उपयोग नाही. कंपाउंड आणि खरे चॉकलेट एकत्र वितळवण्याचा मोहही टाळावा. पाम कर्नेल तेलापासून केलेली चरबी कोको बटरमध्ये मिसळली की मिश्रण दोन्हींपेक्षा मऊ राहते आणि त्यावर लवकर पांढरी पुटे चढतात.

याखेरीज दशांश दाखवणारा प्रोब थर्मामीटर, दोन कोरडी स्टीलची भांडी, रबरी स्पॅटुला, पॉलिकार्बोनेटचे साचे आणि बीओडी इन्क्युबेटर लागेल. इन्क्युबेटर आमच्याकडच्या बहुतेक सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत असतो आणि तो 18 अंश स्थिर ठेवू शकतो, ही आपल्यासाठी मोठी सोय आहे. घरी करणाऱ्यांनी वातानुकूलित खोली 20 ते 22 अंशांवर ठेवावी.

वाटी क्रमांक एक: बीजाशिवाय

पाचशे ग्रॅम चॉकलेट डबल बॉयलरवर 45 अंशांपर्यंत न्यावे आणि दहा मिनिटे तिथेच ठेवावे. जुन्या स्फटिकांचा मागमूसही उरू नये, यासाठी ही दहा मिनिटे आहेत. पाण्याला उकळी नसावी आणि वाफेचा एकही थेंब भांड्यात पडू नये, कारण थोड्याशा पाण्यानेही साखरेचे कण एकमेकांना चिकटतात आणि चॉकलेट आटल्यासारखे घट्ट होते. मग भांडे उतरवून, गार पाण्यावर टेकवून, ढवळत 31.5 पर्यंत आणावे आणि तिथेच थांबावे. त्याखाली जाऊ देऊ नये. भांड्याच्या कडेला किंवा स्पॅटुलावर गोठलेले चॉकलेट राहिले असेल तर ते बीजाचे काम करून प्रयोग बिघडवते, म्हणून कडा सतत पुसत राहाव्यात.

वाटी क्रमांक दोन: बीजासह

उरलेल्या पाचशे ग्रॅममधून 125 ग्रॅम बाजूला काढून, मसुराच्या डाळीएवढे बारीक चिरावे. हे चॉकलेट दुकानातून आले तसे, चकाकी असलेले आणि न वितळवलेले हवे. राहिलेले 375 ग्रॅम 45 पर्यंत वितळवून 35 पर्यंत उतरू द्यावे. इथे घाई करणारे विद्यार्थी 45 अंशांवरच तुकडे टाकतात. तसे केले तर पहिले तुकडे पूर्ण विरघळतात, कण शिल्लक राहत नाहीत आणि दुसरी वाटी नकळत पहिलीसारखी होते. 35 ला आल्यावर तुकड्यांचे तीन सारखे हिस्से करून पहिला टाकावा, मिनिटभर ढवळावे, मग दुसरा, मग तिसरा. तापमान हळूहळू 31.5 वर येईल. तेव्हाही थोडे तुकडे दिसत असतील तर ते चमच्याने काढून घ्यावेत. उलट 33 अंशांवरच सगळे तुकडे विरून गेले असतील, तर मूठभर तुकडे आणखी टाकावेत.

ढवळणे थांबवू नये. ढवळण्याने स्फटिकांचे कण फुटून त्यांची संख्या वाढते आणि ते सर्वत्र सारखे पसरतात. नुसते थंड होऊ दिलेल्या चॉकलेटमध्ये कण मोजके आणि मोठे होतात.

आता दोन्ही वाट्यांत थर्मामीटर 31.5 दाखवत असतो. गेल्या वर्षी एका मुलीने इथेच विचारले, “मॅडम, रंग तोच, तापमान तेच, मग फरक ओळखायचा कसा?” तिने दोन्हींत चमचा फिरवून पाहिला आणि दुसऱ्या वाटीतले चॉकलेट किंचित दाट लागते, हे तिच्याच लक्षात आले. तो दाटपणा म्हणजे त्यात तरंगणारे पाचव्या रूपाचे कण.

सुरीची चाचणी, आणि कोल्हापूरची अडचण

सुरीचे टोक प्रत्येक वाटीत बुडवून थंड जागी ठेवायचे आणि घड्याळ लावायचे, ही सर्वांत जुनी आणि साधी चाचणी. 20 अंशांच्या खोलीत नीट टेम्पर झालेले चॉकलेट तीन ते पाच मिनिटांत गोठते. आधी ओली चमक मावळते, मग पृष्ठभाग एकसारखा घट्ट होतो आणि बोट लावल्यास डाग पडत नाही. टेम्पर न झालेले चॉकलेट तेवढ्या वेळात ओलेच राहते आणि नंतर गोठले तरी त्यावर फिकट रेघा दिसतात.

पुस्तके ही चाचणी 20 अंशांच्या खोलीत करायला सांगतात. एप्रिलमध्ये कोल्हापुरातील प्रयोगशाळेचे तापमान दुपारी 33 अंश असते. त्या खोलीत सुरी टेबलावर ठेवली तर उत्तम टेम्पर केलेले चॉकलेटही गोठणार नाही, कारण आपण त्याला त्याच्या वितळणबिंदूजवळच ठेवले आहे. कितीतरी विद्यार्थी यावरून टेम्परिंग फसल्याचा निष्कर्ष काढतात आणि चांगली वाटी पुन्हा 45 वर नेऊन बिघडवतात. मीही पहिल्या उन्हाळ्यात दोन वेळा हेच केले होते. म्हणून सुरी 18 अंशांच्या इन्क्युबेटरमध्येच ठेवावी आणि तिथेच पाहावी. फ्रीजमध्ये ठेवण्याचा उपाय फसवा आहे. चार-पाच अंशांवर अस्थिर रूपेही झटपट गोठतात, त्यामुळे टेम्पर न झालेले चॉकलेट पाच मिनिटांत कडक होऊन पास झाल्यासारखे वाटते.

आमच्या त्या तुकडीत दुसऱ्या वाटीची सुरी चार मिनिटांत कोरडी झाली. पहिल्या वाटीची पंधरा मिनिटांनंतरही बोटाला लागत होती.

टेम्पर मीटर जे पाहतो ते परीक्षानळीत

कारखान्यांत टेम्पर मीटर वापरतात. तो चॉकलेटच्या छोट्या नमुन्याला ठरावीक गतीने थंड करून तापमानाची वक्ररेषा काढतो. त्यामागचे तत्त्व असे, की स्फटिक तयार होताना उष्णता बाहेर पडते. हे आपल्यालाही पाहता येते. पातळ परीक्षानळीत दहा ग्रॅम चॉकलेट घ्यावे, मधोमध प्रोब ठेवावा, नळी 8 ते 10 अंशांच्या पाण्यात बुडवावी आणि दर 15 सेकंदांनी तापमान लिहून आलेख काढावा.

दुसऱ्या वाटीची रेषा उतरत येते, एका जागी जवळपास आडवी होते आणि पुन्हा उतरते. आडव्या भागात बाहेर पडणारी उष्णता आणि पाण्याने ओढून घेतलेली उष्णता जुळलेल्या असतात. पहिल्या वाटीत कण नसल्यामुळे रेषा बरीच खाली जाते, मग स्फटिक एकदम तयार होऊ लागतात आणि तापमान चक्क वर चढते. हा उंचवटा अपुऱ्या टेम्परिंगची खूण आहे. रेषा आडवी न होता संथपणे उतरतच राहिली, तर गरजेपेक्षा जास्त चरबी आधीच गोठलेली आहे, म्हणजे टेम्परिंग जास्त झाले आहे. असे चॉकलेट दाट होते, त्यातले हवेचे बुडबुडे निघत नाहीत आणि वडी निस्तेज दिसते. अशा वेळी भांडे ढवळत 32 ते 32.5 पर्यंत नेले की काही कण वितळून ते पुन्हा सैल होते. 34 ओलांडले तर मात्र सारे पहिल्यापासून करावे लागते.

ओतणे आणि थंड करणे

साचे कोरडे, कापसाने पुसलेले आणि 25 अंशांच्या आसपास असावेत. फार थंड साच्याला टेकलेला थर अस्थिर रूपात गोठतो आणि फार गरम साचा मिळवलेले कण वितळवतो. दोन्ही वाट्यांतून सहा-सहा वड्या ओताव्यात, साचा टेबलावर आपटून बुडबुडे काढावेत आणि 14 अंशांवर, हवा खेळती ठेवून, वीस मिनिटे ठेवावेत. पारदर्शक साच्याची खालची बाजू पाहावी. वडी आकुंचन पावून सुटली की तिथे ओलसर गडद रंगाऐवजी चंदेरी छटा दिसते. दुसऱ्या वाटीच्या वड्या उलटा साचा टेकवताच खाली आल्या. पहिल्या वाटीच्या वड्यांना साचा पिळावा लागला, तरी दोन मोडल्याच.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. जुलैमध्ये खोली 27 अंशांची आणि हवेतील आर्द्रता 85 टक्के असेल, तर दवबिंदू जवळपास 24 अंश असतो. 14 अंशांची वडी तशा हवेत उघडी काढली की तिच्यावर क्षणात दव जमते, त्यात साखर विरघळते आणि पाणी उडून गेले की खरखरीत पांढरा थर उरतो. हा साखरेचा ब्लूम होय. तो टाळण्यासाठी वड्या थंड जागीच हवाबंद डब्यात भराव्यात आणि डबा खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावा.

साखरेचा आणि चरबीचा ब्लूम डोळ्यांना सारखाच दिसतो, म्हणून दोन खुणा शिकून घ्याव्यात. पांढऱ्या भागावर बोट हलकेच फिरवले की चरबीचा ब्लूम बोटाच्या उबेने वितळून गडद पट्टा दिसतो. साखरेचा ब्लूम तसाच राहतो आणि खरखरीत लागतो. पाण्याचा थेंब चरबीच्या ब्लूमवर मण्यासारखा उभा राहतो, तर साखरेच्या ब्लूमवर पसरतो.

ब्लूमची परीक्षा

प्रत्येक वाटीच्या तीन वड्या सतत 18 अंशांवर ठेवाव्यात आणि तीन वड्या रोज बारा तास 18 व बारा तास 30 अंशांवर आलटून पालटून ठेवाव्यात. 30 अंशांवर कोको बटरचा काही भाग द्रव होतो, पण वडी आकार सोडत नाही. मार्च ते मे या काळात कोल्हापुरातल्या दुकानाच्या फळीवर दिवसरात्रीत जे घडते, त्याचीच ही नक्कल आहे. मोडलेल्या वड्याही वापरता येतात, फक्त प्रत्येकाची तीच बाजू दर वेळी पाहावी.

पहिल्या वाटीच्या वड्या दुसऱ्याच दिवशी करड्या पडल्या, आणि 18 अंशांवर शांत पडून असलेल्याही त्याला अपवाद नव्हत्या. चौथे रूप आपल्या सोयीने पाचव्यात बदलत असताना द्रव चरबी वर येऊन मोठ्या स्फटिकांत गोठते आणि ते स्फटिक प्रकाश विखुरतात, म्हणून पांढरे दिसतात. दुसऱ्या वाटीच्या 18 अंशांवरच्या वड्या महिनाभर चकचकीत राहिल्या. आलटून पालटून ठेवलेल्यांवर मात्र तिसऱ्या आठवड्यात कडांजवळ धुरकट छटा आली. म्हणजे टेम्परिंग उत्तम असूनही साठवण वाईट असेल, तर दर वेळी थोडी चरबी वितळते, पृष्ठभागाकडे सरकते आणि पाचव्याचे सहाव्यात रूपांतर वेगाने होते. पहिल्या वाटीचा दोष आणि हा दोष यांचे कारण वेगळे आहे. उत्तरपत्रिकेत दोन्हींना नुसते ‘ब्लूम’ म्हणून सोडून देऊ नये.

रंगमापक उपलब्ध असेल तर पांढरेपणा, म्हणजे WI, आकड्यात मांडता येतो. रंगमापक तीन आकडे देतो: L म्हणजे उजळपणा, a म्हणजे लाल-हिरवी छटा आणि b म्हणजे पिवळी-निळी छटा:

```
WI = 100 - sqrt((100 - L)^2 + a^2 + b^2)
```

समजा ताज्या वडीचे L 28, a 5 आणि b 5 आले. मग 72 चा वर्ग 5184, त्यात 50 मिळवले की 5234, त्याचे वर्गमूळ 72.3, म्हणून पांढरेपणा 27.7. ब्लूम आल्यानंतर L 41, a 4, b 4 असेल तर तो 40.7 होतो. एका वडीच्या पाच जागा मोजून सरासरी घ्यावी, कारण ब्लूम ठिपक्याठिपक्यांनी येतो. रंगमापक नसेल तर ठरावीक खिडकीच्या उजेडात, शेजारी पांढरा कागद ठेवून, रोज एकाच वेळी मोबाइलने फोटो काढावेत. त्यातून आकडा मिळत नाही, पण क्रम विश्वासार्ह मिळतो.

या चाचणीची एक मर्यादा लक्षात ठेवावी. ब्लूम दिसला म्हणून सहावे रूप सिद्ध होत नाही आणि सहावे रूप असून ब्लूम न दिसणेही शक्य असते. कोणते रूप आहे हे खात्रीने सांगायला क्ष-किरण विवर्तन लागते. नमुना तापवताना तो शोषून घेत असलेली उष्णता मोजणाऱ्या डीएससी यंत्रावर वितळणबिंदू पाहूनही अंदाज येतो.

शेंगदाणे घालणार असाल तर

आमचे विद्यार्थी दुसऱ्या वर्षी हमखास शेंगदाण्याच्या कुटाचे सारण भरून वड्या करतात. टेम्परिंग अचूक करूनही दोन-तीन आठवड्यांत त्या वड्या मऊ आणि करड्या होतात. शेंगतेल खोलीच्या तापमानाला द्रव असते. ते कवचात झिरपते, कोको बटरचा काही भाग विरघळवते आणि त्याला पृष्ठभागापर्यंत वाट करून देते. इथे थर्मामीटरला दोष देण्यात अर्थ नाही. साध्या वड्या त्याच वाटीतून, त्याच दिवशी ओतून शेजारी ठेवाव्यात. त्या चकचकीत राहिल्या आणि फक्त सारणाच्याच करड्या झाल्या, तर कारण तेलाचे स्थलांतर आहे. त्यावर उपाय कवच जाड करणे, सारणातले मोकळे तेल कमी करणे आणि माल 18 अंशांच्या आसपास साठवणे हे आहेत. दुधाची चरबी ब्लूम लांबवते, म्हणून मिल्क चॉकलेटचे कवच काहीसे जास्त टिकते. मात्र ते घेतल्यास ओतण्याचे तापमान 29 ते 30 ठेवावे लागते, कारण दुधाची चरबी कोको बटरचे स्फटिक मऊ करते आणि 31.5 ला मिल्क चॉकलेटमधले बरेचसे कण वितळून गेलेले असतात.